सिम्प्सनचे ९ बिंदू की गॉसचे ४? सारख्या अंतरावरचे बिंदू सोडून द्यावेत का?

ओव्हरटाइमवाला

मंडळी, मी बॅटरी पॅकच्या कूलिंगचं सिम्युलेशन करतो. बाहेरची हवा १५ ते ४५ अंश असताना पॅकचं कमाल तापमान सरासरी किती राहतं, हे काढायचंय. म्हणजे T(हवा) या फंक्शनचं १५ ते ४५ इंटिग्रल घ्यायचं आणि ३० नं भागायचं. आलेख गुळगुळीत आहे, किंचित वाकलेला. अडचण एकच, T चा एक बिंदू म्हणजे सॉल्व्हरचा एक रन, आणि एका रनला पाऊण तास लागतो.

आजवर १५, १८.७५, २२.५ असे सारख्या अंतरावरचे ९ बिंदू घेऊन सिम्प्सन लावत आलो. परवा टीममधला एक जण म्हणाला, "नऊ कशाला? गॉसचे चार घे, उत्तर उलट जास्त चांगलं येईल." त्यानं दिलेली तापमानं अशी: १७.०८, २४.९०, ३५.१०, ४२.९२. वजनंही एकसारखी नाहीत. कमी माहितीत जास्त अचूकता कुठून येणार, हे काही पटेना. यात काय जादू आहे? आणि सिम्प्सन आता कायमचा बंद करू का?

अर्धाकप

गॉस म्हणजे गॉस. सारख्या अंतराचे नियम शाळेत शिकवायला ठीक. पण तुमच्याकडे ९ रन आधीच झालेत ना? मग नवे कशाला करता? सिम्प्सन तीन-तीन बिंदूंतून पॅराबोला नेतो. त्याऐवजी नऊही बिंदूंतून आठव्या घाताची एकच बहुपदी न्या आणि तिचं इंटिग्रल घ्या. घात वाढला की अचूकता वाढली, विषय संपला.

टाचणी

विषय संपला म्हणणाऱ्यांच्या प्रतिसादानंतर धागा शंभरी गाठतो असा अनुभव आहे. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

खडूफळा

ओव्हरटाइमवाला, माहिती कमी नाहीये. तुम्ही फक्त मोजलेले आकडे धरताय, बिंदू कुठे घ्यायचे हे स्वातंत्र्य धरत नाही.

बिंदू आधीच ठरलेले असले तर हातात उरतात फक्त वजनं. तीन बिंदूंना तीन वजनं, म्हणजे १, x आणि x² यांची उत्तरं अचूक यावीत एवढ्या तीन अटी पाळता येतात. सिम्प्सनला सममितीमुळे x³ फुकट मिळतो, तो बोनस. पण बिंदूही आपणच निवडायचे म्हटलं की सहा गोष्टी हातात येतात आणि x⁵ पर्यंत मजल जाते.

आता ते बिंदू नेमके कुठे? तुमच्या चार बिंदूंचंच घेऊ, मध्यांतर −१ ते १ करून. लेजांद्रची चौथ्या घाताची बहुपदी q घ्या. तिचा गुण असा, की तीन घातापर्यंतच्या कुठल्याही बहुपदीनं तिला गुणा, −१ ते १ इंटिग्रल शून्यच येतं. आता सातव्या घातापर्यंतची कुठलीही बहुपदी p घ्या आणि तिला q नं भागा.

p = q·s + r

s आणि r दोन्ही तीन घातापर्यंतचे. खऱ्या इंटिग्रलमध्ये q·s चा वाटा शून्य. मग आपल्या बेरजेतही तो शून्य यायला हवा, त्यासाठी बिंदू q च्या मुळांवर ठेवायचे, तिथे q स्वतःच शून्य असते. उरला r. तो तिसऱ्या घाताचा, चार बिंदूंनी तो पुरता बांधला जातो. म्हणून चार बिंदूंत सातवा घात. जादू एवढीच.

गॉसनं १८१४ मध्ये हे काढलं ते सतत अपूर्णांकांच्या वाटेनं. वरची भागाकाराची सोपी वाट याकोबीची, १८२६ ची.

विश्वास बसण्यासाठी e^x चं −१ ते १ इंटिग्रल हातानं करून पाहा. दोन्हीकडे तीनच बिंदू. खरं उत्तर २.३५०४०२.

सिम्प्सनमध्ये (e⁻¹ + 4 + e)/3 करा, येतात २.३६२०५४. चूक दुसऱ्या दशांश स्थळी.

गॉसमध्ये बिंदू ०, ±०.७७४५९७ आणि वजनं ८/९, ५/९, ५/९. उत्तर २.३५०३३७. चूक ०.००००६५, म्हणजे सिम्प्सनच्या साधारण पावणेदोनशेव्या हिश्श्याएवढी.

चेनमन काका

मी निवृत्त सर्वेअर. आमच्याकडे रस्त्याच्या कटिंगचं माप काढताना दर २० मीटर चेनेजला क्रॉस-सेक्शन घेतो, क्षेत्रफळं मांडतो आणि सिम्प्सननं घनफळ काढतो. ऑर्डिनेट विषम संख्येनं नसले तर शेवटचा तुकडा ट्रॅपेझॉइडलनं. उभा जन्म यात गेला, बिल कधी अडलं नाही. तुमच्या त्या १७.०८ चेनेजला आमचा माणूस उभा करायचा म्हणजे टेपवर खुणा करत बसावं लागेल. तेव्हा ओव्हरटाइमवाले, सिम्प्सन सोडू नका. आणि क्षेत्रफळ काढायचं असेल तर प्लॅनिमीटरही असतो.

ओव्हरटाइमवाला

काका, जमिनीचं माप नाहीये, तापमान आहे. :)

गोदाकाठची

काकांनी प्रश्न वेगळा धरला असला तरी मुद्दा खरा आहे. मोजमाप आधीच झालेलं असेल, दर २० मीटरला किंवा दर तासाला, तर गॉसचा प्रश्नच येत नाही. त्याला हवे तिथले आकडे आपल्याकडे नसतात, आणि मधले आकडे अंदाजानं भरून गॉस लावला तर ती चूक त्या अंदाजाची. शिवाय जमीन काही बहुपदी नाही, दोन सेक्शनच्या मध्ये नाला निघाला तर गॉसही काही करणार नाही. फंक्शन हवं तिथे काढता येतं आणि प्रत्येक वेळी महाग पडतं, तेव्हाच गॉसचा खरा फायदा. ओव्हरटाइमवाल्यांचं दुखणं नेमकं तेच आहे.

आता अर्धाकप. "घात वाढला की अचूकता वाढली" हे बिंदू सारख्या अंतरावर असताना खरं नाही. 1/(1+x²) घ्या, −४ ते ४. दिसायला घंटेसारखा छान आलेख, कुठे टोक नाही की तुटलेला नाही. x = −४, −३, … ४ असे नऊ बिंदू. आकडे सोपे आहेत: १/१७, १/१०, १/५, १/२, १ आणि पुन्हा उलट. खरं उत्तर २.६५१६.

सिम्प्सन तुकड्यातुकड्यानं लावला तर २.५७२५. तुम्ही म्हणता तशी नऊ बिंदूंतून एकच बहुपदी नेली तर वजनं अशी येतात, पुढे उलट क्रमानं तीच:

4/14175 × (989, 5888, −928, 10496, −4540, …)

बेरीज करा, १.९४११ येतात. तेच नऊ आकडे आणि उत्तर पाऊणनं कमी. वजनांतली ती ऋण चिन्हं बघितलीत का? फंक्शन सगळीकडे धन, आणि नियम मधल्या सर्वांत मोठ्या आकड्याला वजा करतोय. बिंदू वाढवत गेलात की ही वजनं आणखी मोठी होत जातात, आणि आकड्यांतली बारीक गडबडही तेवढ्यानं फुगते. रुंगंनं १९०१ मध्ये अशा बहुपदींच्या टोकांकडच्या हेलकाव्यांबद्दल लिहिलं, आणि पोल्यानं १९३३ मध्ये दाखवलं की फंक्शन अगदी विश्लेषी असलं तरी हे सारख्या अंतराचे नियम खऱ्या उत्तराकडे जातीलच याची खात्री नाही.

गॉसची वजनं मात्र कितीही बिंदू घेतले तरी धनच.

अर्धाकप

बरं, ते मागे घेतो. पण म्हणजे गॉसच जिंकला ना शेवटी! या घंटेवर त्याचं काय येतं ते का सांगितलं नाहीत?

गोदाकाठची

कारण ऐकल्यावर तुम्ही चहा अर्धाच सोडाल. नऊ बिंदूंचा गॉस: २.७०८८. चूक ०.०५७. सिम्प्सनपेक्षा थोडी बरी, एवढंच.

आणि त्याच नऊ आकड्यांवर अगदी साधा ट्रॅपेझॉइडल: 1 + 2(1/2 + 1/5 + 1/10) + 1/17 = २.६५८८. चूक ०.००७. सगळ्यांत चांगला.

टाचणी

काका, कॉलर ताठ करा.

चेनमन काका

आम्ही आधीच म्हणालो होतो.

ओव्हरटाइमवाला

आता मात्र पुरता गोंधळलो. मग गॉस घेऊ की नको? माझा आलेखही गुळगुळीतच आहे, घंटेसारखा.

खडूफळा

गोंधळू नका. "गुळगुळीत" हा डोळ्यांनी दिलेला निकाल आहे, गॉसला त्याहून जास्त लागतं. 1/(1+x²) चा छेद x = ±i ला शून्य होतो. तो बिंदू वास्तव रेषेवर नाही म्हणून आलेखात दिसत नाही, पण −४ ते ४ एवढ्या लांब मध्यांतराच्या मानानं तो अगदी कुशीत आहे. असं ठिकाण मध्यांतराच्या जितकं जवळ, तितका गॉस हळू. इथे एकेक बिंदू वाढवला की चूक साधारण १.६ पटीनं कमी होते. खात्रीनं कमी होते, पण रांगत. e^x ला असं ठिकाण कुठेच नाही, म्हणून तिथे प्रत्येक नव्या बिंदूमागे दोन-तीन दशांश स्थळं मिळतात.

ट्रॅपेझॉइडल इथे जिंकला त्याला कारण आहे. घंटा टोकांना जवळपास आडवी होते, आणि ट्रॅपेझॉइडलची चूक मुख्यतः दोन टोकांच्या उतारांतल्या फरकातून येते. उतारच नाही तर चूक कुठून येणार?

तुमचा आलेख एका टोकाकडून दुसऱ्याकडे चढत जातो ना? मग टोकाला उतार आहे, आणि ट्रॅपेझॉइडलला ही सवलत नाही.

निवांत

खडूफळा सरांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. फंक्शन आवर्ती असेल आणि पूर्ण एक फेरी घ्यायची असेल तर टोकंच उरत नाहीत, आणि तिथे सारख्या अंतराचा साधा ट्रॅपेझॉइडल गॉसलाही मागे टाकतो. प्वासाँनं १८२० च्या दशकात लंबवर्तुळाचा परीघ असाच काढला. √(1 − 0.36 sin²θ) ची पूर्ण फेरीवरची सरासरी हवी, खरं उत्तर ०.९०२७७९९.

दर ९० अंशांना मोजलं: १ आणि ०.८ यांची सरासरी, ०.९.
दर ४५ अंशांना: ०.९०२७६९.
दर साडेबावीस अंशांना: ०.९०२७७९९. झालं.

सममितीमुळे प्रत्यक्षात पाचच वर्गमुळं काढावी लागतात. मी मोटरच्या एका फेरीतला सरासरी टॉर्क असाच काढतो, आणि नवीन मुलं तिथे गॉस लावून बसलेली दिसली की हसू येतं.

अर्धाकप

म्हणजे सारांश: कोणाचंही काही खरं नाही.

निवांत

सारांश: आधी फंक्शन बघा.

ओव्हरटाइमवाला

ठीक. चार गॉस बिंदूंचे रन रात्री लावतो. पण आणखी एक शंका. सिम्प्सनमध्ये ५ बिंदूंवरून ९ वर गेलो की जुने पाच वापरता येतात, आणि दोन उत्तरांतल्या फरकावरून चुकीचा अंदाज येतो. गॉसचे ४ झाल्यावर ते उत्तर किती बरोबर, हे कळणार कसं? ५ घेतले तर एकही जुना बिंदू जुळत नाही.

गोदाकाठची

यासाठी मी क्लेनशॉ-कर्टिस सुचवेन, १९६० चा नियम. बिंदू टोकांकडे दाट असतात, अर्धवर्तुळावर सारख्या कोनांनी ठेवलेल्या खुणा खाली व्यासावर उतरवल्यासारखे. ५ वरून ९ वर जाताना जुने पाचही कामाला येतात. १५ आणि ४५ ही टोकंही त्यात आहेत, आणि ते दोन रन तुमचा साहेब तसेही मागणारच.

कागदावर नऊ बिंदूंचा क्लेनशॉ-कर्टिस नवव्या घातापर्यंतच अचूक, गॉस सतराव्यापर्यंत. पण ट्रेफेथेन यांनी २००८ च्या एका लेखात दाखवलं की बहुतेक फंक्शनवर प्रत्यक्षात दोघांत एवढं अंतर पडत नाही.

खडूफळा

गोदाकाठची, पाऊण तासाच्या रनला मी ते करणार नाही. गॉसचे चार बिंदू तसेच ठेवून क्रोनरोडच्या पद्धतीनं पाच नवे घाला. चारांच्या मध्ये-मध्ये आणि दोन्ही कडांना ते बसतात. तुमच्या इतकेच नऊ रन, पण तेराव्या घातापर्यंत अचूक, आणि चारांचं उत्तर व नवांचं उत्तर यांतला फरकही हातात. तयार लायब्ररींत ७-१५ आणि १०-२१ अशा जोड्या असतात त्या याच.

गोदाकाठची

सर, तेरावा घात लागतोय कोणाला? सॉल्व्हरचं कन्व्हर्जन्स ०.०१ अंशाला थांबत असेल, तर त्याखालच्या दशांश स्थळांत नुसता गोंगाट आहे. त्यापेक्षा टोकांचे रन मिळाले तर अहवालात तरी घालता येतात.

खडूफळा

टोकांचे रन हवे असतील तर वेगळे करा. इंटिग्रलच्या डोक्यावर ते कशाला?

टाचणी

दोघेही नऊच रन सांगताय आणि भांडताय. ओव्हरटाइमवाल्यांचे नऊ रन तर पहिल्या पोस्टमध्येच झाले होते.

निवांत

:D

कोणी कोड मागण्याआधीच देतो.

```python
import numpy as np
x, w = np.polynomial.legendre.leggauss(4)
a, b = 15.0, 45.0
c, h = (a + b)/2, (b - a)/2
T = np.array([run(t) for t in c + h*x])
mean = h*np.sum(w*T)/(b - a)
```

बिंदू ताणल्यावर वजनांनाही `h` नं गुणायचं असतं, ते हमखास राहतं. पडताळा सोपा आहे: `T` च्या जागी सगळे १ घाला, `mean` बरोबर १ यायला हवा. पहिला रन लावण्याआधी हे करा, पाऊण तास वाचेल.

ओव्हरटाइमवाला

आकडे आले. गॉस ४ नं ४८.७३, गॉस ५ नं ४८.७३. सिम्प्सनच्या जुन्या नऊंचं ४८.७४. म्हणजे माझ्या कामापुरते चार पुरले. (क्रोनरोड-क्लेनशॉ वादात मी पडत नाही, दोघांनाही नमस्कार.)

उत्साहात तेच चार-पाच बिंदू घेऊन पंख्याच्या सरासरी वीजवापरालाही गॉस लावला, आणि तिथे पार फसलं. ३ बिंदूंनी एक उत्तर, ४ नी वेगळं, ५ नी पुन्हा तिसरंच. एकदा वर, एकदा खाली. सॉल्व्हर बिघडला म्हणावं तर तापमान नीट येतंय. पहिल्या सेटमध्ये पंखा बंद होता, या सेटमध्ये तो थर्मोस्टॅटवर आहे.

गोदाकाठची

पंखा किती अंशांना सुरू होतो?

ओव्हरटाइमवाला

बाहेर ३२ झाले की. त्याखाली वीजवापर शून्य, वर हळूहळू चढत जातो.

खडूफळा

मग तिथे कोपरा आहे, आणि गॉसला कोपरा चालत नाही. वर-खाली होणं हीच त्याची खूण. सर्वांत साधा कोपरा म्हणजे |x|, −१ ते १, खरं उत्तर १. गॉसची उत्तरं बघा: २ बिंदूंनी १.१५५, ३ नी ०.८६१, ४ नी १.०४३, ५ नी ०.९४५. बिंदू कोपऱ्यावर पडला की कमी, दोन बाजूंना पडले की जास्त. आणि तीन बिंदूंचा ट्रॅपेझॉइडल बरोबर १ देतो, केवळ त्याचा मधला बिंदू कोपऱ्यावर बसला म्हणून.

बिंदू वाढवत बसू नका. मध्यांतर कोपऱ्यावर तोडा. |x| चे दोन तुकडे केले तर प्रत्येकी एक गॉस बिंदू पुरतो. तुमच्याकडे तर १५ ते ३२ चा तुकडा शून्यच आहे, तिथे एकही रन नको. ३२ ते ४५ वर तीन बिंदू: ३३.४७, ३८.५ आणि ४३.५३. सरासरी काढताना मात्र भागायचं ३० नंच, १३ नं नाही.

चेनमन काका

आम्ही नाल्यापाशी जादा सेक्शन घेतो ते यासाठीच.

खडूफळा

काका, अगदी तेच.

निवांत

माझी एक शंका राहिली. थर्मोस्टॅटला हिस्टरेसिस असेल ना? चालू ३२ ला, बंद कदाचित २९ ला. मग कोपरा नेमका कुठे धरायचा? हवा तापत जातेय की निवत जातेय यावर तो सरकणार, आणि तिथे वीजवापर शून्यापासून चढण्याऐवजी उडीही मारेल.

ओव्हरटाइमवाला

माझा प्रत्येक रन थंड पॅकपासून सुरू होतो, म्हणून ३२ च लागू पडतो. पण प्रत्यक्ष गाडीत संध्याकाळी हवा उतरताना २९ ते ३२ मध्ये पंखा चालूच राहील, आणि ते माझ्या सरासरीत येतच नाही. तो पट्टा दोनदा मोजायचा का, एकदा चढताना आणि एकदा उतरताना?

गोदाकाठची

दोनदा मोजलं तरी चढण्याला किती वजन आणि उतरण्याला किती, ते कोण सांगणार? तेवढ्यासाठी हवामानाचा डेटा हवा. आणि तो मिळाला तर १५ ते ४५ मधलं प्रत्येक तापमान सारखंच संभाव्य हे गृहीतकही जाईल, मग लेजांद्रचे बिंदूही बदलतील.

अर्धाकप

आणि तो हवामानाचा डेटा दर तासाचा असेल. म्हणजे सारख्या अंतराचा.